सोबत जोडलेला पेरू

अर्जदार : एक चित्रकार, वय त्या वेळी सत्तावीसच्या आसपास, मूळ धुळ्याकडचा, तत्कालीन राहणार सिल्वासा. नाव देत नाही, कारण त्याची परवानगी घेतलेली नाही.

सामनेवाले : दंतमंजन तयार करणाऱ्या एका कारखान्याचे मॅनेजर, मूळ मुंबईकडील मराठी गृहस्थ. त्यांचेही नाव देत नाही. कारण वेगळे आहे, ते पुढे आपोआप दिसेल.

साक्षीदार क्रमांक एक : माझ्या शेजारी बसणारा मुद्रांक विक्रेता, गुजराती भाषक, हयात.

साक्षीदार क्रमांक दोन : मी स्वतः. व्यवसाय अर्जलेखन, शिक्षण सातवीपर्यंत, अनुभव त्याहून बराच अधिक.

काळ : नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. पेरूचा हंगाम.

मुद्देमाल : एक पेरू, चावलेला. चावा साक्षीदार क्रमांक दोन याचा.

एवढे लिहून झाले की माझा हात आपोआप पुढचे वाक्य लिहू लागतो, कारण मांडणीची ही सवय हाताला तीस वर्षांची आहे. परंतु हा अर्ज कोणत्याही कचेरीत दाखल होणार नाही. ही माझ्या आयुष्यातली एक हकीकत आहे आणि ती सांगण्याची रीत मला एवढीच येते.

सरकारी कचेरीच्या आवाराबाहेर पत्र्याच्या छपराखाली माझे टेबल होते. त्या काळी सिल्वाश्यात दर महिन्याला एखादा नवा कारखाना उभा राहत असे, करात सवलत होती म्हणून. त्यामुळे अर्जांना तोटा नव्हता. सकाळच्या बसने खानवेलकडची माणसे जमिनीचे कागद घेऊन येत; दुधनीकडून धरणाच्या पाण्यात शेत गेलेले येत; दुपारनंतर खडोलीचे कामगार येत, कोणाला रजेचा अर्ज हवा असे, कोणाला रेशनकार्डाचा. मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तीन भाषांत मी लिहीत असे. शिकलेले कारकूनसुद्धा माझा कागद हातात आला की सरळ बसून वाचत, हे मी आत्मस्तुती म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो.

माझ्या धंद्याचे काही नियम होते. पहिला, अर्ज कितीही कडक असला तरी आरंभ आणि शेवट नम्र असावा. दुसरा, अर्जदाराची सही आधी घ्यावी, कारण अर्जदाराला बस पकडायची असते आणि लेखकाला खालचा मजकूर सावकाश भरता येतो. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. अर्जाच्या तळाशी डाव्या बाजूस ‘सोबत’ असा शब्द लिहून त्याखाली जोडलेल्या कागदांची क्रमवार यादी असलीच पाहिजे. ज्या अर्जाला सोबत काही नाही तो अर्ज टोपलीत जातो, असे मी प्रत्येकाला सांगत असे. ज्याच्याजवळ काहीच नसे त्याला मी निदान रेशनकार्डाची नक्कल तरी जोडायला लावीत असे. चौथा, अर्ज स्वतः नेऊन द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर मिळाल्याचा शिक्का घ्यावा. त्या शिक्क्याला पोहोच म्हणतात. पोहोच हातात असेल तर जगात कोणी नाकबूल जाऊ शकत नाही, अशी माझी श्रद्धा होती.

या चार नियमांनी मी पुष्कळांची कामे केली. त्या चित्रकाराचे काम याच चार नियमांनी बुडाले.

तो खडोलीला खोके छापणाऱ्या एका कारखान्यात मशीनवर होता. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा त्याने दिल्या होत्या, पुढचे शिक्षण परिस्थितीने राहिले. मशीनवर इतरांनी आखलेली खोकी छापता छापता त्याला वाटू लागले की ही आखणी आपण याहून बरी करू. मग सुटीच्या दिवशी त्याने दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, एका लोणचेवाल्याचे लेबल, एका अगरबत्तीवाल्याचे पाकीट अशी कामे केली. ती छापली गेली, लोकांना आवडली. एके दिवशी त्याने नोकरी सोडली आणि बाजारामागे एक खोली घेतली. दारावर स्वतःच रंगवलेली पाटी लावली. त्या पाटीचा मजकूर मी दिला होता, म्हणून आमची ओळख.

बायको गावी होती. तो मला म्हणाला होता, “काका, एक मोठं काम मिळू द्या. मग तिला घेऊन येतो. नाही मिळालं तर गेलोच परत मशीनवर.”

ते मोठे काम समोर आले. दंतमंजनाच्या कारखान्याला सगळा माल नव्या रूपात आणायचा होता. लहान डबी, मोठी डबी, बाहेरचे खोके, दुकानात टांगायचा फलक, सारे. मॅनेजरांनी त्याला बोलावून घेतले, चहा दिला, मंजन कशाचे आहे, कोणाला विकायचे आहे हे तासभर सांगितले. तो हवेत तरंगतच माझ्या टेबलापाशी आला.

“काका, तोंड उघडा.”

“कशासाठी?”

“उघडा तर.”

त्याने पिशवीतून एक पेरू काढला. खानवेलकडच्या बाया टोपलीत घेऊन बसतात तसला, बाहेरून पिवळा, थोडा टणक. “चावा. पण खाऊ नका. एकच चावा घ्या आणि मला परत द्या.”

शेजारचा मुद्रांकवाला हसू लागला. “अरे मुन्शीजी, आ शुं? तमारी सगाई छे के?”

मी माझ्या वयाला शोभेल अशा गांभीर्याने एक चावा घेतला आणि पेरू परत दिला. माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांपैकी डावा दात लहानपणी पडून कोपऱ्यात तुटलेला आहे. त्यामुळे पेरूच्या गरात एका बाजूला स्वच्छ धार उमटली आणि दुसऱ्या बाजूला एक बारीक उंचवटा राहिला. तो चित्रकार तिथेच बाकावर बसून पेन्सिलने काढू लागला.

“सगळी मंजनवाली मंडळी हसणारी बाई काढतात,” तो काढता काढता सांगत होता. “दात पांढरेशुभ्र. कोणाचा विश्वास बसत नाही. मी बाई काढणारच नाही. नुसता पेरू, एक चावा घेतलेला. दात दिसतच नाहीत, पण माणसाला कळतं की दात मजबूत आहेत.”

“मग माझा तुटका दात का?” मी विचारले.

“तो असू द्या. त्याने खरा वाटतो. अगदी नीट चावा काढला तर माणसाचा वाटणार नाही.”

मला ते पटले. माझा दात पहिल्यांदाच कोणाच्या उपयोगी पडत होता.

आठवडाभरात त्याने पोस्टर कलरने जाड कागदावर पूर्ण रंगीत चित्र केले. खोके उलगडून सपाट केले तर कसे दिसेल तसे, चारही बाजू आणि दोन्ही झाकणे आखून. पुढच्या बाजूला पेरू, मागे मजकुराची जागा. ते त्याने मॅनेजरांना दाखवले नव्हते. “आधी काम ठरू दे,” तो म्हणाला. “मग हे बाहेर काढतो. आमच्या धंद्यात हात नंतर चालतो काका, आधी डोकं चालतं. एकदा कल्पना समोरच्याला दिसली की माझ्याजवळ विकायला काही उरत नाही. मग कोणीही ट्रेस करून घेईल.”

हे वाक्य त्याने माझ्यासमोर, माझ्या टेबलाशी, स्वच्छ मराठीत उच्चारले होते. साक्षीदार क्रमांक एकनेही ते ऐकले आहे. मी ते विसरलो होतो, असा बचाव मला उपलब्ध नाही.

मग मॅनेजरांची चिठ्ठी आली. कारखान्याच्या छापील कागदावर, स्वतःच्या अक्षरात. मजकूर गोड होता. आपल्या कामाविषयी चांगले ऐकले आहे. तथापि आपणांस काम सोपवण्यापूर्वी आपल्या हाताची पारख व्हावी म्हणून आपण तीन निरनिराळे नमुने तयार करून द्यावेत. हे केवळ चाचणीपुरते असल्याने त्याचा मोबदला देता येणार नाही. पसंत पडल्यास पुढील संपूर्ण काम आपणांसच देण्याचा विचार करू.

चित्रकाराने चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली आणि चष्मा पुसल्यासारखे डोळे पुसले. चष्मा त्याला नव्हता.

“विचार करू, म्हणतात. देऊ म्हणत नाहीत,” मी माझा अभिप्राय दिला.

“अशीच चिठ्ठी वापीच्या दोघांना गेलीय,” तो म्हणाला. “एक तर माझ्या ओळखीचा आहे. म्हणजे तिघांचे मिळून नऊ नमुने. एक रुपया न देता नऊ. त्यातलं एक उचलायचं आणि कोणालाच बोलवायचं नाही.”

मुद्रांकवाल्याने मध्ये तोंड घातले. “भाई, एमां शुं? हलवाई पण चाखायला देतो.”

“हलवाई चिमूटभर देतो. हे तर तीन परातींची मिठाई मागतात, वर म्हणतात, आवडली तर परातीचं बघू.” मग तो माझ्याकडे वळला. “काका, मला बोलता येत नाही अशा माणसांशी. मी गेलो तर हो म्हणून येईन. तुम्ही लिहा. पण भांडण नको. काम पाहिजेच मला.”

“काय काय लिहायचे ते सांग.”

त्याने बोटांवर मोजत सांगितले. फुकट नमुना करणार नाही. पारख करायची तर छापून बाजारात गेलेले जुने काम बघा, सोबत पाठवतो. तरीही नवा नमुना हवाच असेल तर एकच करीन आणि त्याचा मोबदला घेईन. पुढे सगळे काम दिलेत तर ती रक्कम बिलातून वजा करा. नमुना नापसंत झाला तर तो माझा, मला परत मिळावा, कोणी वापरायचा नाही. भेटून बोलायला मी कधीही तयार आहे.

त्याच्यासारख्या कमी बोलणाऱ्या माणसाने इतके नेमके सांगावे याचे मला आश्चर्य वाटले. आजही मला असे वाटते की त्याने हेच मुद्दे तसेच्या तसे स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवले असते तर त्यात काही कमी पडले नसते. परंतु त्या दिवशी मला तसे वाटले नाही. मला वाटले, हा नुसता सांगाडा आहे, त्याला अंगरखा मी घालीन.

मी लिहिलेल्या उत्तराची दुसरी प्रत माझ्याजवळ आहे. त्यातील मुख्य भाग असा :

‘आपले कृपापत्र पावले. आपण माझ्या अल्पस्वल्प कामाची दखल घेतलीत याबद्दल मी आपला ऋणी आहे. आपण सुचविल्याप्रमाणे विनामूल्य नमुने तयार करण्याबाबत नम्रपणे असे निवेदन करावेसे वाटते की, नमुना हेच माझ्या कामाचे मूळ असून उर्वरित काम हे केवळ हातकाम होय. सबब विनामोबदला नमुना देणे मला शक्य होत नाही, याची आपण उदार अंतःकरणाने नोंद घ्यावी. माझ्या पात्रतेची खात्री पटावी म्हणून यापूर्वी छापून प्रसिद्ध झालेली कामे सोबत सादर करीत आहे. आपली आज्ञा झाल्यास एक नमुना वाजवी मोबदल्यात करून देईन व संपूर्ण काम मजकडे आल्यास सदर रक्कम अंतिम बिलातून वळती करून घ्यावी. नापसंत नमुन्यावर माझा हक्क राहील व तो मला परत मिळावा.’

वाचून दाखवले तेव्हा त्याचा चेहरा उजळला. “हे मीच म्हटलं, पण साहेबासारखं.”

“सही कर,” मी म्हणालो.

त्याने सही केली. त्याला वापीला रंग आणायला जायचे होते, बस लागली होती. पिशवीतली कागदी फाईल त्याने माझ्या टेबलावर ठेवली. “यातली छापलेली कामं जोडा काका. लोणच्याचं, अगरबत्तीचं, सगळं यात आहे. तुम्ही देऊन या, पोहोच घ्या.” आणि तो गेला.

मी फाईल उघडली. लोणच्याचे लेबल होते. अगरबत्तीचे पाकीट होते. एक लग्नपत्रिका होती. आणि सर्वांत खाली, बटर पेपर लावून जपलेला, तो पेरू होता.

येथे मला अत्यंत स्पष्ट लिहिले पाहिजे. मी तो चुकून जोडला नाही. मी तो उचलून पाहिला. त्यातला गर ओलसर वाटत होता. माझ्या तुटक्या दाताचा उंचवटा जसाच्या तसा होता, त्यावर उजेडाचा एक बारीक ठिपकासुद्धा दिला होता. मी तो मुद्रांकवाल्याला दाखवला. तो म्हणाला, “वाह मुन्शीजी, तमे तो हीरो.” मी यादीकडे पाहिले. एक, दोन, तीन. लेबल, पाकीट, लग्नपत्रिका. यादी मला अशक्त दिसली. लग्नपत्रिकेवर कोण कारखानदार विश्वास ठेवतो? माझ्या मनात आले, हे चित्र पाहिल्यावर ते साहेब खुर्चीतून उठून उभे राहतील. शिवाय पत्रात हक्क राखून ठेवलाच आहे. पोहोच घेतलीच जाणार आहे. भीती कसली?

आणि याच्याही खाली एक कारण होते. ते मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. मला वाटले, माझा दात त्या मोठ्या टेबलावर जावा.

मी चौथा क्रमांक घातला : ‘नवीन नमुना, रंगीत, नग एक.’ आणि सवयीने खाली शेवटची ओळ लिहिली, जी मी प्रत्येक यादीखाली लिहितो : ‘वरील सर्व कागद आपल्या माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी सादर.’

चित्रकाराची सही वर होती. त्याला यादी दाखवलेली नव्हती.

मी स्वच्छ सदरा घालून कारखान्यात गेलो, फाटकावरच्या कारकुनाकडून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला आणि परतताना दोन चहा प्यायलो.

तो दुसऱ्या दिवशी फाईल न्यायला आला. उघडली, उलटली, पुन्हा उलटली.

“काका, पेरू कुठंय?”

मी पोहोच पुढे केली. त्याने ती वाचली. आधी वरचा मजकूर, मग खालची यादी. चौथ्या क्रमांकापाशी त्याचे बोट थांबले आणि तिथेच राहिले.

“मी नाही म्हणून लिहायला सांगितलं होतं,” तो इतकेच म्हणाला.

“नाहीच लिहिले आहे. वर वाच. ‘शक्य होत नाही.’”

“आणि खाली दिलंय.”

त्याच दिवशी आम्ही दोघे कारखान्यात गेलो. मॅनेजर सौजन्याने वागले. खुर्च्या दिल्या. वय माझ्याएवढेच, बोलणे मुंबईकडचे, गुळगुळीत.

“या, या. पत्र वाचलं मी तुमचं. कोणी लिहिलं? फार सुंदर भाषा. हल्ली असं कोणी लिहीत नाही.”

मी मान झुकवली. त्या क्षणीही मला बरे वाटले, हे मी लपवीत नाही.

चित्रकार म्हणाला, “साहेब, तो पेरूचा कागद परत पाहिजे. चुकून आला.”

“चुकून?” त्यांनी पत्र काढून टेबलावर ठेवले आणि पेन्सिलीने चौथा क्रमांक दाखवला. “यादीत लिहिलाय. नग एक. पुढील कार्यवाहीसाठी सादर. आम्ही कार्यवाही करतोय. चित्र वर पाठवलंय मुंबईच्या ऑफिसला. त्यांना आवडलं तर कळवू.”

“मोबदल्याचं पण लिहिलंय त्यात,” मी म्हणालो. “एक नमुना वाजवी मोबदल्यात. आज्ञा झाल्यास.”

“बरोबर. आज्ञा झाल्यास. आम्ही आज्ञा कुठे केली? आम्ही तर फुकट मागितला होता आणि तुम्ही,” ते हसले, “तुम्ही नाही म्हणत म्हणत दिलात. मला तर फारच आवडली ही पद्धत.”

“नापसंत नमुना परत करण्याचे कलम आहे,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

“नापसंत झालाय असं कोण म्हणतंय?”

चित्रकार उठला. नमस्कार करून बाहेर आला. फाटकाबाहेर पानाच्या गादीपाशी थांबून त्याने विचारले, “काका, तुम्ही का लावला तो?”

मी म्हणालो, “अर्जाला सोबत काही जोरदार नसले तर अर्ज टोपलीत जातो.”

“हा अर्ज नव्हता,” तो म्हणाला. “मी कोणाकडं काही मागत नव्हतो. ते माझ्याकडं मागत होते.”

आयुष्यभर मी मागणाऱ्यांच्याच बाजूने लिहीत आलो. ज्याच्याकडे मागितले जाते, त्याच्या बाजूने एकदाच लिहिले, आणि त्यालाही मागणारा करून टाकले. हे मला त्या पानाच्या गादीपाशी समजले. त्यानंतर समजण्यासारखे काही उरले नाही.

मुंबईच्या ऑफिसकडून काही कळवण्यात आले नाही. मी त्याच्या वतीने तीन स्मरणपत्रे लिहिली, तिन्हींच्या पोहोच माझ्याजवळ आहेत. तिसऱ्या वेळी फाटकावरचा कारकून शिक्का मारताना म्हणाला, “मुन्शीजी, तुमच्यासाठी वेगळा शिक्का बनवून घेऊ का?”

होळीच्या सुमारास चित्रकाराने बाजारामागची खोली सोडली आणि खडोलीच्या जुन्या कारखान्यात मशीनवर परत गेला. बायको गावीच राहिली. दारावरची पाटी त्याने काढून नेली नाही. पुढच्या भाडेकरूने तिच्या मागच्या बाजूला शिवणकामाची जाहिरात लिहिली.

पाऊस सुरू होण्याआधी तो एकदा टेबलाशी आला. कामावरून सरळ आला होता, नखांत शाई होती. त्याने पिशवीतून गुंडाळलेला एक मोठा कागद काढला आणि माझ्या टेबलावर उलगडून कोपऱ्यांवर माझीच शाईची दौत, टाचणीची डबी आणि शिक्क्याचे पॅड ठेवले. कागदावर खोकी छापलेली होती, अजून कापलेली नव्हती, एकाला एक लागून रांगा. प्रत्येकावर पेरू. चित्र कोणीतरी ट्रेस केले होते, उजेडाचा ठिपका गेला होता, पिवळा रंग थोडा भडक झाला होता. परंतु डाव्या दाताचा उंचवटा होता. प्रत्येक पेरूवर होता.

“आमच्याकडंच आली छपाई,” तो म्हणाला. “आज दिवसभर तुमचेच दात छापले, काका.”

मुद्रांकवाल्याने कागदाकडे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे.

मी म्हणालो, “अर्ज लिहू. आपल्याजवळ पुरावा आहे. दात माझा आहे. कोणत्याही साहेबापुढे मी तोंड उघडून दाखवीन.”

“कोणाविरुद्ध लिहाल?”

“कारखान्याविरुद्ध.”

“आणि सोबत काय जोडाल?” त्याने विचारले. “तुमच्या यादीचा कागद?”

त्याने दौत, डबी आणि पॅड उचलून जागच्या जागी ठेवले. कागद मात्र गुंडाळला नाही, तसाच सोडून गेला. मी तो ठेवून घेतला आहे. त्यानंतर त्याने सिल्वासा सोडले. कोणी म्हणतात धुळ्याला गेला, कोणी म्हणतात सुरतेला छापखान्यात आहे. मला त्याच्याकडून चिठ्ठी नाही.

मंजन चांगले खपले. खानवेलच्या दुकानातही खोकी मांडलेली मी पाहिली. एक म्हातारी दुकानदाराला म्हणत होती, “तो पेरूवाला डबा दे.” मंजनाचे नाव कोणी घेतच नसे. मॅनेजरांना बढती मिळाली आणि ते मुंबईला गेले, असे फाटकावरच्या कारकुनाने सांगितले. सांगताना तो हसला नाही, ही त्याची मेहेरबानी.

मी अजूनही त्याच छपराखाली बसतो. माझ्या धंद्यात मी दोन बदल केले आहेत. यादी पूर्ण झाल्याशिवाय कोणाची सही घेत नाही, मग त्याची बस जावो. आणि ‘सोबत’ लिहिण्याआधी अर्जदाराला विचारतो, तुम्ही मागत आहात की तुमच्याकडे मागत आहेत? लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. कोणी म्हणते, मुन्शीजींचे वय झाले.

वय झाले हे खरे आहे. तो डावा दात आता हलू लागला आहे. दाताचा डॉक्टर म्हणाला, काढून टाका, उगाच दुखवून घेता. मी नको म्हणालो. कारण विचारले तेव्हा मी सांगितले की तो पुराव्याचा भाग आहे. डॉक्टर हसले. मी हसण्यासाठी सांगितले नव्हते.

सबब, उपरोक्त अर्जदार यांस नम्र निवेदन करण्यात येते की, आपण जिथे असाल तिथे हा मजकूर आपल्या हाती पडल्यास, यातील हकीकत आपणांस मान्य आहे किंवा नाही ते कळवावे. चौथा क्रमांक मी का घातला ते वर लिहिले आहे. त्या वेळी विचारलेत तेव्हा मी खोटे सांगितले होते. माफी मागण्याचा अर्ज कसा लिहितात ते मला येते, पुष्कळांसाठी लिहिले आहेत, म्हणून तो येथे मुद्दाम लिहीत नाही. उत्तर एका ओळीचे असले तरी चालेल, कडक असले तरी चालेल, आणि भाषा आपलीच असावी. दात आहे तोवर यावे ही विनंती.

सोबत : काही नाही.